वाहतुकीत खोक्यातून माल वारंवार कमी निघतो : ट्रान्सपोर्ट कंपनीला तक्रारपत्र कसे लिहावे?

उद्यमबागकर (१९ नोव्हेंबर)

सर्वांना नमस्कार. उद्यमबागमध्ये आमचे छोटे मशीन शॉप आहे. पंपांसाठी लागणारे गनमेटलचे बुश तयार करून आम्ही ते पुण्याच्या एका ग्राहकाकडे पाठवतो. एका खोक्यात ६० बुश असतात, एका बुशाचे वजन ३१० ग्रॅम आणि आमचा दर ३४० रुपये आहे. माल ज्या ट्रान्सपोर्टने जातो, त्यांची गाडी बेळगावहून थेट पुण्याला जात नाही. कोल्हापूरजवळच्या त्यांच्या गोदामात माल पलटी होतो आणि दुसऱ्या गाडीने पुढे जातो.

या वर्षी खोक्यांची संख्या दर वेळी बरोबर पोहोचली आहे, परंतु आतले बुश कमी निघाले आहेत. १४ जूनला बुक केलेल्या दहा खोक्यांत २२, ५ जुलैच्या आठ खोक्यांत १७ आणि ९ ऑगस्टच्या बारा खोक्यांत ३१ बुश कमी होते. त्याआधी १९ एप्रिललाही असाच प्रकार घडला होता. ऑगस्टमध्ये मी स्वतः पुण्याला जाऊन खोके पाहिले. वरच्या बाजूला आमच्या नावाची छापील पट्टी जशीच्या तशी होती, पण खोके उलटे केल्यावर तळाच्या पिना सरळ करून पुन्हा दाबलेल्या दिसल्या, त्यांच्यावर साधी पारदर्शक टेप लावलेली होती आणि आत रिकाम्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते.

स्थानिक शाखेत तोंडी अनेकदा सांगितले, दोनदा ईमेलही केला. "चौकशी करतो" यापलीकडे उत्तर नाही. आता रीतसर पत्र लिहून नुकसानभरपाई मागायची आहे आणि पुढे हे थांबावे म्हणून त्यांनी काय करावे, तेही सांगायचे आहे. माझा मसुदा असा आहे : "आपल्या बेजबाबदार कारभारामुळे व आपल्या हमालांच्या चोरीमुळे आमचे प्रचंड नुकसान झाले असून ते त्वरित भरून न दिल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल." यात काय सुधारावे?

तवंदीघाट (१९ नोव्हेंबर)

पत्राने काही होत नाही, साहेब. त्यांचे पुढचे भाडे अडवून ठेवा, आठ दिवसांत शाखेचा माणूस दारात येईल. आम्ही गुळाच्या मालाच्या वेळी हेच केले होते.

जुनाहुंडेकरी (१९ नोव्हेंबर)

मी अनेक वर्षे हुंडेकरी म्हणून काम केले आहे, म्हणून पलीकडच्या टेबलावरून हे पत्र कसे वाचले जाते ते सांगतो. "बेजबाबदार", "प्रचंड", "त्वरित" असे शब्द असलेले पत्र शाखेच्या फाईलमध्ये लागते आणि तिथेच राहते. क्लेमचे पैसे बहुतेक शाखा व्यवस्थापकाच्या खात्यावर दाखवले जातात, त्यामुळे ते पत्र वर पाठवण्याची त्याला मुळीच घाई नसते. पत्र नोंदणीकृत कार्यालयाच्या नावे पोचपावतीसह पाठवा आणि शाखेला फक्त प्रत द्या. कंपनीचा नोंदणी क्रमांक बिल्टीवर असतो, तो विषयाच्या ओळीतच घाला.

हमालांचे नाव काढून टाका. माल कोणी काढला हे तुम्हाला माहीत नाही. हमाल असेल, गोदामाचा राखणदार असेल, नाहीतर क्लीनर असेल. पुराव्याशिवाय एखाद्या गरीब माणसावर आळ घेणे योग्य नाही, आणि तसे लिहिले की कंपनी चौकशीचा रोख त्याच्याकडे वळवून स्वतः मोकळी होते. "माल आपल्या ताब्यात असताना" एवढे लिहा. ते पुरेसे आहे आणि खरेही आहे.

तवंदीघाट यांचा उपाय मी स्वतः भोगलेला आहे. भाडे अडवले की कंपनी पुढचा माल गोदामात अडवते, आणि त्यात तुमच्या ग्राहकाची लाइन बंद पडते. अडवायचेच असेल तर आधी पत्र, त्यासोबत डेबिट नोट, आणि वादातील रकमेएवढेच.

हिडकल (२० नोव्हेंबर)

बिल्टीच्या मागे "माल मालकाच्या जबाबदारीवर" असे छापलेले असते. बुकिंगच्या वेळी तुम्ही ते मान्य केलेले असल्याने कायद्याने काहीच मिळणार नाही. फार तर ग्राहक आयोगात जाता येईल.

राजहंसगड (२० नोव्हेंबर)

मी वकिली करतो, म्हणून हिडकल यांच्या दोन्ही मुद्द्यांना उत्तर देणे आवश्यक वाटते. रस्त्यावरील मालवाहतुकीसाठी २००७ चा स्वतंत्र कायदा असून तो २०११ पासून लागू आहे. वाहतूकदाराच्या हलगर्जीमुळे किंवा त्याच्या माणसांच्या गुन्ह्यामुळे माल गेला, हे दाव्यात माल पाठवणाऱ्याने सिद्ध करावे लागत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पूर्ण माल ताब्यात दिला आणि कमी मिळाला, एवढे दाखवणे आपले काम. मागच्या बाजूच्या बारीक छपाईने ही जबाबदारी पुसली जात नाही.

मात्र जबाबदारीला मर्यादा आहे. जास्त जोखमीचा दर भरून माल बुक केलेला नसेल, तर भरपाई त्या बुकिंगच्या भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते. म्हणून प्रत्येक बिल्टीचे भाडे इथे सांगा. ग्राहक आयोगात व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेचा प्रश्न उभा राहील. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी चालवलेल्या छोट्या व्यवसायाला त्यातून सूट मिळू शकते, पण तुमचे शॉप त्यात बसते की नाही, यावर मी आज पैज लावणार नाही.

आता सर्वांत निकडीची गोष्ट. दावा करायचा असेल, तर त्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पोहोचावी लागते. माल मिळाल्याची किंवा चोरी लक्षात आल्याची तारीख इथे धरली जात नाही. १४ जूनच्या बुकिंगची मुदत ११ डिसेंबरला संपते.

उद्यमबागकर (२० नोव्हेंबर)

मुदतीबद्दल मला कोणीच सांगितले नव्हते. मनापासून आभार. म्हणजे १९ एप्रिलची मुदत उलटून गेली आहे. भाडे खोक्याला ९० रुपये होते, त्यामुळे जूनच्या बिल्टीचे ९००, जुलैचे ७२० आणि ऑगस्टचे १,०८० रुपये भाडे भरले आहे.

राजहंसगड (२० नोव्हेंबर)

एप्रिलची मुदत १६ ऑक्टोबरला संपली. त्या रकमेची मागणी करू नका, परंतु त्या घटनेचा उल्लेख पत्रात अवश्य ठेवा. प्रकार पुन्हा पुन्हा घडत आहे आणि कंपनीला त्याची कल्पना होती, हे त्यातून दिसते. एप्रिलच्या वेळी तुम्ही ईमेल केला असेल, तर त्यालाच नोटीस म्हणता येईल का, हा वादाचा मुद्दा आहे. ईमेलमध्ये बिल्टी क्रमांक आणि कमी मालाचा आकडा नसेल, तर मी त्यावर विसंबणार नाही.

वेदगंगा (२० नोव्हेंबर)

आम्ही निपाणीत तंबाखूचा व्यापार करतो. आमच्याकडे पोत्याचे वजन वाटेत घटतेच, कारण पानातला ओलावा उडतो. त्यामुळे वजनावरून चोरी सिद्ध होत नाही, असा आमचा अनुभव आहे. ट्रान्सपोर्टवाले "सुकवण" म्हणून हात झटकतात. तुम्हीही वजनावर भर देऊ नका, नगांवरच बोला.

जुनाहुंडेकरी (२१ नोव्हेंबर)

वेदगंगा, तंबाखू आणि गुळाबाबत तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे, पण गनमेटल सुकत नाही. या प्रकरणात वजन हाच सर्वांत भक्कम पुरावा आहे, कारण नग मोजायचे तर खोके उघडावे लागते, आणि उघडल्यानंतर "तुमच्याकडेच कमी झाले" असे म्हणायला कंपनी मोकळी होते. बंद खोके काट्यावर ठेवले की हा वाद उरत नाही.

फक्त एक अडचण आहे. बिल्टीवर लिहिलेले वजन भाडे आकारण्यासाठी असते. ते वर ओढून पूर्ण आकड्यात लिहितात आणि खोक्यागणिक तर कधीच लिहीत नाहीत. बिल्टीवर "२४० किलो" असेल आणि तुमच्या पावतीवर २३४ असेल, तर कंपनी त्याच फरकाचा फायदा घेईल. उद्यमबागकर, निघताना प्रत्येक खोक्याचे वजन तुम्ही लिहून ठेवता का? आणि पुण्यात माल घेताना सही कोणी केली, काय शेरा लिहिला?

उद्यमबागकर (२१ नोव्हेंबर)

आमच्या पॅकिंग लिस्टवर प्रत्येक खोक्याचे वजन असते. भरलेले खोके १९.५ किलोचे. काट्यावर वैधमापनाचा चालू शिक्का आहे. पॅकिंग लिस्टची एक प्रत बुकिंगच्या वेळी दिली जाते, आणि ऑगस्टच्या प्रतीवर बुकिंग क्लार्कची सही व शिक्का आहे. जून आणि जुलैच्या प्रतींवर तो नाही.

पुण्यात जून व जुलैला ग्राहकाच्या स्टोअरकीपरने खोके मोजून कोणताही शेरा न लिहिता सही केली. कमी माल दुसऱ्या दिवशी लक्षात आला. ऑगस्टला मी आधीच फोन करून ठेवला होता, म्हणून त्यांनी गाडीवाल्यासमोर खोके काट्यावर ठेवले. एक १६.१ किलोचे आणि दोन १६.४ किलोची भरली. तसा शेरा बिल्टीच्या प्रतीवर लिहून गाडीवाल्याची सही घेतली.

जुनाहुंडेकरी (२१ नोव्हेंबर)

मग हिशेब जुळतो. ३.४ किलो कमी म्हणजे ११ बुश, ३.१ किलो कमी म्हणजे १०, आणि तिन्ही खोक्यांचे मिळून ३१. हे तीन आकडे पत्रात जसेच्या तसे लिहा. जून आणि जुलैच्या कोऱ्या सहीमुळे ती दोन प्रकरणे कमकुवत आहेत. ते लपवू नका, पण तुम्ही होऊन त्यावर चर्चाही करू नका.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. तुम्ही दिलेल्या चारही तारखा शनिवारच्या आहेत.

उद्यमबागकर (२१ नोव्हेंबर)

आताच सर्व बिल्ट्या काढून पाहिल्या. तुमचे निरीक्षण खरे आहे. सोमवार ते गुरुवार बुक केलेला माल एकदाही कमी निघालेला नाही. शनिवारी बुक केलेला माल रविवारी कोल्हापूरजवळच्या गोदामात पडून राहतो आणि सोमवारी रात्री पुढे निघतो.

जुनाहुंडेकरी (२१ नोव्हेंबर)

मग पत्राचा कणा सापडला. तीन चोऱ्यांची यादी देण्यापेक्षा, ज्या बुकिंगचा माल रविवारी गोदामात राहिला त्यांतूनच माल गेला आणि इतर बुकिंग पूर्ण पोहोचली, असे दोन्ही प्रकारच्या बिल्टी क्रमांकांसह लिहा. कंपनीचा वरचा अधिकारी हे वाचून स्वतःच हजेरीपुस्तक मागवेल, कारण या गळतीत इतर व्यापाऱ्यांचाही माल जात असणार. तरीही चोरी गोदामातच झाली असे ठाम विधान करू नका. सोमवारी रात्रीची गाडीही तीच असू शकते.

शहापूरपेठ (२२ नोव्हेंबर)

आमच्या साड्यांच्या गाठींच्या बाबतीत असेच होत असे. गाठीचा कोपरा उसवून दोन-तीन साड्या ओढायच्या आणि पुन्हा शिवायचे. आमची शिलाई दुहेरी सुताची, त्यांची एकेरी, त्यामुळे ओळखू यायचे. आम्ही शेवटी सोलापूरपर्यंत थेट जाणारी गाडी पाहिली. भाडे थोडे जास्त पडते, पण पलटी नाही. आमचा विमाही होता, मात्र विमा कंपनीने चोरीचा क्लेम नाकारला. आमच्या पॉलिसीत आग आणि अपघात होते, खोक्यातून किंवा गाठीतून थोडा थोडा माल काढण्याची जोखीम नव्हती. तुमची पॉलिसी उघडून पाहा.

घटप्रभा (२२ नोव्हेंबर)

माझ्या मुलीने ऑनलाइन मागवलेल्या मोबाईलच्या पार्सलमध्ये साबण निघाला. त्यासाठीही १८० दिवसांची मुदत लागू होते का?

राजहंसगड (२२ नोव्हेंबर)

घटप्रभाताई, तुमचे प्रकरण वेगळे आहे. तुम्ही ग्राहक आहात, तेव्हा विक्रेत्याकडे ताबडतोब तक्रार नोंदवा आणि दाद न मिळाल्यास ग्राहक आयोगात जा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तर जपून ठेवा.

मलप्रभा (२२ नोव्हेंबर)

मी खानापुरात हिशेबनीस म्हणून काम करते. उद्यमबागकरदादा, भरपाईच्या रकमेत जीएसटी कसा धरणार आहात? बहुतेक जण बिलाची पूर्ण १८ टक्के रक्कम जोडतात आणि कंपनीचा क्लेम विभाग तिथेच आक्षेप घेतो. कमी मिळालेल्या मालासाठी ग्राहकाला करासह क्रेडिट नोट दिली असेल, तर विक्रीवरचा तो कर तुमचा खर्च राहत नाही. मात्र चोरीस गेलेल्या मालाच्या कच्च्या मालावर घेतलेले क्रेडिट परत करावे लागते, आणि ते तुमचे खरे नुकसान आहे. मागणीत तेवढेच धरा.

उद्यमबागकर (२३ नोव्हेंबर)

आम्ही करासह क्रेडिट नोट दिल्या आहेत. एका बुशाला साधारण २०० रुपयांचा धातू लागतो, म्हणजे परत करावे लागणारे क्रेडिट ३६ रुपये. त्यामुळे एका बुशामागे नुकसान ३७६ रुपये. जूनचे ८,२७२, जुलैचे ६,३९२ आणि ऑगस्टचे ११,६५६, एकूण २६,३२० रुपये.

राजहंसगड (२३ नोव्हेंबर)

भाड्याच्या दहापटीची मर्यादा अनुक्रमे ९,०००, ७,२०० आणि १०,८०० रुपये येते. म्हणजे पहिल्या दोन मागण्या मर्यादेत आहेत आणि फक्त ऑगस्टची ८५६ रुपयांनी पुढे जाते. वाहतूकदाराच्या माणसांच्या गुन्ह्यामुळे नुकसान झाल्यास ही मर्यादा लागू होऊ नये, असा युक्तिवाद करता येतो, परंतु ८५६ रुपयांसाठी तो लढवण्यात अर्थ नाही. पूर्ण रक्कम मागा, तडजोडीत एवढी सोडावी लागली तर सोडा. पुढच्या बुकिंगसाठी मात्र जास्त जोखमीचा दर लेखी विचारून ठेवा.

पोलिसांतही तक्रार देता येते. ताब्यात दिलेल्या मालाचा वाहतूकदाराने अपहार केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पत्रात तिची धमकी देऊ नका. पैसे द्या नाहीतर गुन्हा दाखल करतो, अशी भाषा तुमच्यावरच उलटू शकते. तक्रार द्यायची असेल तर स्वतंत्रपणे द्या.

तवंदीघाट (२३ नोव्हेंबर)

मी अजूनही म्हणतो की भाडे हातात असल्याशिवाय कोणी पैसे देत नाही. पण शनिवारचा मुद्दा माझ्या लक्षात आला नसता, हे मान्य करतो.

उद्यमबागकर (२४ नोव्हेंबर)

सर्वांच्या सूचनांवरून तयार केलेले पत्र देत आहे. कंपनीचे मुख्य कार्यालय बेंगळुरूला असल्याने सोबत इंग्रजी प्रतही जोडणार आहे. बिल्टी क्रमांक येथे गाळले आहेत.

"प्रति, क्लेम विभाग, नोंदणीकृत कार्यालय. प्रत : शाखा व्यवस्थापक, बेळगाव.

विषय : दि. १४ जून, ५ जुलै व ९ ऑगस्ट रोजी बुक केलेल्या मालातील घट, रु. २६,३२० च्या भरपाईची मागणी. हे पत्र मालाच्या हानीबद्दलची लेखी नोटीस समजावे.

महोदय, वरील तीन बिल्ट्यांन्वये बेळगावहून पुण्यास पाठवलेल्या गनमेटल बुशांची खोकी संख्येने पूर्ण पोहोचली, परंतु त्यांत अनुक्रमे २२, १७ व ३१ नग कमी आढळले. ९ ऑगस्टच्या मालातील तीन खोकी प्रत्येकी १९.५ किलो वजनाची असताना, आपल्या चालकासमोर १६.१, १६.४ व १६.४ किलो भरली. पॅकिंग लिस्टवर आपल्या बुकिंग क्लार्कची आणि बिल्टीवरील शेऱ्याखाली आपल्या चालकाची सही आहे. खोक्यांचा तळ उघडून पुन्हा टेप लावल्याची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. १९ एप्रिलच्या मालातही अशीच घट आढळली होती व ती आपल्या शाखेस तेव्हाच कळवली होती.

या चारही वेळा माल शनिवारी बुक होऊन रविवारी आपल्या पलटीच्या गोदामात राहिला होता. याच काळात सोमवार ते गुरुवार बुक केलेला आमचा सर्व माल पूर्ण पोहोचला आहे. त्या बिल्ट्यांची यादी सोबत आहे. माल आपल्या ताब्यात असताना ही घट झाल्याने सोबतच्या हिशेबाप्रमाणे रु. २६,३२० तीस दिवसांत द्यावेत.

तसेच आमचा माल पलटी करताना गोदामात उतरवतेवेळी आणि पुढच्या गाडीत चढवतेवेळी खोक्यागणिक वजन करून ते लोडिंग शीटवर लिहावे. बुकिंगच्या वेळी बिल्टीवर प्रत्यक्ष वजन नमूद करावे. रविवारी माल राहणार असल्यास तो कुलूपबंद खोलीत ठेवावा. गोदामातील कॅमेऱ्यांचे उपलब्ध चित्रण पुसू नये. या चार बाबींवर आपला लेखी निर्णय कळवावा."

जुनाहुंडेकरी (२४ नोव्हेंबर)

पत्र चांगले उतरले आहे. ऑगस्टचे चित्रण आता शिल्लक नसेल, तरी ते वाक्य राहू द्या. चित्रण उरले नाही असे कंपनीने लेखी कळवले, तर तेही तुमच्या उपयोगी पडेल. तुमच्या बाजूने खोक्याच्या तळालाही छापील पट्टी लावायला आजपासूनच सुरुवात करा, म्हणजे तळ उघडलेला मोजणीआधीच दिसेल.

मलप्रभा (२४ नोव्हेंबर)

ग्राहकाकडून दोन ओळींचे पत्र घेऊन जोडा, की कमी मालाचे पैसे त्यांनी दिलेले नाहीत आणि क्लेम तुम्ही करण्यास त्यांची हरकत नाही. नाहीतर "नुकसान तुमचे की त्यांचे" या प्रश्नात महिना जाईल.

उद्यमबागकर (१८ डिसेंबर)

पत्र २८ नोव्हेंबरला मुख्य कार्यालयात पोहोचल्याची पोचपावती माझ्याकडे आहे. काल उत्तर आले. ऑगस्टच्या मालासाठी १०,८०० रुपये देण्याची त्यांची तयारी आहे. जून आणि जुलैसाठी बिनशेऱ्याची सही असल्याने जबाबदारी नाकारली आहे. पलटीच्या वेळी वजन करण्याचे मान्य केले आहे, बाकीच्या मुद्द्यांवर काहीच लिहिलेले नाही. सोबत "सर्व मागण्या पूर्ण झाल्या" अशा मजकुराची पावती सहीसाठी पाठवली आहे. ती द्यावी का?

राजहंसगड (१८ डिसेंबर)

त्या मजकुरावर सही करू नका. ९ ऑगस्टच्या बिल्टीपुरती रक्कम मिळाली आणि इतर दोन बिल्ट्यांची मागणी कायम आहे, अशी स्वतःची पावती लिहून पाठवा. नोटीस मुदतीत पोहोचलेली असल्याने त्या दोन मागण्या जिवंत आहेत. कोऱ्या सहीवर न्यायालय काय म्हणेल, ते आज सांगता येत नाही.

जुनाहुंडेकरी (१८ डिसेंबर)

आणि त्याच पत्रात जून व जुलैच्या पलटीची लोडिंग शीट मागा. वजन लिहिलेले नसेल, तर खोकी कोणत्या अवस्थेत चढवली याचा त्यांच्याकडेही कागद नाही. ते एकदा लेखी आले की उरलेल्या रकमेवर अर्ध्यावर तरी बोलणी होतील. आमच्या वेळी बहुतेक अशीच होत असत.

उद्यमबागकर (१९ डिसेंबर)

पावती तशीच लिहिली आहे आणि लोडिंग शीटची मागणी आज स्पीड पोस्टने पाठवली आहे. आता शनिवारी बुकिंग करत नाही. पुढच्या महिन्यापासून जास्त जोखमीच्या दराने माल पाठवायचा विचार आहे, परंतु तो दर शाखेत कोणालाच सांगता येत नाही. कोणी असा दर प्रत्यक्ष भरला असेल, तर किती आकारला जातो ते येथे अवश्य लिहावे.